मार्केट सायझिंग मोठ्याने कसं सोडवायचं: चष्म्याच्या एका केसवरून

‘सहा कोटी लोकसंख्येच्या एका देशात वर्षाला नंबरचे किती चष्मे विकले जातात?’

कन्सल्टिंग कंपन्यांच्या केस इंटरव्ह्यूत, म्हणजे धंद्यातला एखादा प्रश्न उमेदवाराला समोर बसून सोडवायला लावणाऱ्या मुलाखतीत, असा मार्केट सायझिंगचा, म्हणजे बाजाराचा आकार अंदाजाने काढायचा, प्रश्न कधी सुटा येतो, तर कधी मोठ्या केसच्या मध्येच टपकतो. क्लायंटला चष्म्यांच्या धंद्यात उतरायचं असतं आणि आधी बाजार केवढा आहे ते पाहायचं असतं. खरा आकडा मुलाखतकारालाही बहुधा ठाऊक नसतो, आणि तुम्हाला तो पाठ असावा अशी अपेक्षाही नसते. मोठा प्रश्न तुम्ही कसा फोडता आणि फोडताना काय बोलता, एवढंच तिथे पाहिलं जातं. गणित चौथी-पाचवीचं असतं. अवघड असतं ते विचार चालू असताना तो दुसऱ्याला समजेल असा बोलून दाखवणं. म्हणून या लेखात हीच एक केस सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडवू आणि प्रत्येक टप्प्यावर तोंडातून नेमकं काय निघायला हवं ते पाहू.

आधी प्रश्न पक्का करा

प्रश्न ऐकला की पहिल्यांदा तो स्वतःच्या शब्दांत परत सांगा. यात वेळ वाया जात नाही. ‘वर्षाला किती’ आणि ‘एकूण किती’ यांतला फरक इथेच पकडला जातो, आणि पुढे सर्वांत जास्त घोळ त्याच फरकात होतो. मग दोन-तीन प्रश्न विचारा. उत्तर बदलू शकेल तेच विचारा, उगाच विचारायचे म्हणून नकोत.

चष्म्याच्या बाबतीत असे प्रश्न तीन आहेत. गॉगल धरायचे की नाहीत? दुकानात टांगलेले, डोळे न तपासता उचलता येणारे वाचायचे चष्मे धरायचे का? आणि उत्तर नगांत हवंय की पैशांत? बोलताना हे असं येईल:

‘म्हणजे आपल्याला एका वर्षात विकल्या जाणाऱ्या, नंबर काढून बनवलेल्या चष्म्यांची संख्या हवी आहे. गॉगल आणि तयार मिळणारे वाचायचे चष्मे मी बाहेर ठेवतोय. फ्रेम आणि काचा मिळून एक चष्मा मोजतोय. जुन्याच फ्रेममध्ये नुसत्या काचा बदलल्या तर ती विक्री धरत नाही. चालेल ना?’

मुलाखतकार ‘चालेल’ म्हणतील किंवा एखादी दुरुस्ती सुचवतील. दोन्हींत फायदा तुमचाच. वाक्याची ठेवण मात्र बघा. ‘काय करू?’ असं विचारलेलं नाही. स्वतः ठरवून सांगितलंय आणि फक्त होकार घेतलाय. प्रत्येक व्याख्या मुलाखतकाराकडून काढून घेणारा उमेदवार लवकर कंटाळवाणा होतो.

लोकसंख्या दिलेली आहे, पण वयाची रचना दिलेली नाही, आणि या केसमध्ये ती लागणार. म्हणून आणखी एक प्रश्न योग्य आहे: ‘हा देश तरुण लोकसंख्येचा आहे, की सगळे वयोगट साधारण सारखे आहेत?’ उत्तर आलं, ‘सारखे धरा.’

मग गप्प बसा, पण सांगून

‘मला रचना मांडायला एखादं मिनिट द्याल का?’ एवढं म्हटलं की त्या मिनिटाची शांतता तुमच्या हक्काची. न सांगता गप्प झालात तर वीस सेकंदांतच समोरच्याला वाटतं की गाडी अडकली. मिनिट मागून घ्या आणि कागद आडवा धरा. वर एका ओळीत प्रश्न एककासकट लिहा: ‘चष्मे, दर वर्षी’. त्याखाली झाड काढा, म्हणजे मोठा प्रश्न लहान भागांत फुटत जाणारा आराखडा. या मिनिटात एकही आकडा लिहायचा नाही. हा नियम कडक वाटेल, पण त्याला कारण आहे. आकडा दिसला की डोकं गुणाकाराकडे धावतं आणि झाड अर्धवट राहतं.

झाड कसं काढायचं? कोणत्याही बदलून-बदलून घ्यायच्या वस्तूची वर्षाची विक्री दोन गोष्टींवर ठरते: वापरणारे किती, आणि एक नग किती वर्षं टिकतो किंवा टिकवला जातो.

```
वर्षाची विक्री = वापरणारे लोक × प्रत्येकी नग ÷ बदलण्याचा काळ (वर्षं)
```

चष्म्यापुरतं एवढंच सूत्र आहे. विचार लागतो तो पुढच्या पायरीला: लोकांचे गट कशावर पाडायचे? स्त्री-पुरुष, शहर-गाव, श्रीमंत-मध्यम-गरीब, वय, व्यवसाय, सगळेच पाडता येतात. बरेच उमेदवार दोन-तीन एकदम पाडतात आणि अठरा खानी तक्ता घेऊन बसतात. मग प्रत्येक खान्यासाठी एक अंदाज काढावा लागतो, आणि त्यांतल्या पंधरांना काही आधार नसतो.

कसोटी सोपी आहे. ज्या रेषेच्या दोन बाजूंना माणसं वेगळी वागतात तिथेच रेषा मारा. चष्म्यासाठी ती रेषा वयाची. शाळकरी मुलांचा नंबर वाढत असतो आणि चष्मे मोडतातही, म्हणून ती लवकर बदलतात. विशी ते चाळिशीत नंबर स्थिरावतो आणि काही जण कॉन्टॅक्ट लेन्सकडे वळतात. चाळिशीनंतर डोळ्यातल्या भिंगाची लवचिकता कमी होते आणि जवळचं वाचायला त्रास होऊ लागतो. ज्यांना आयुष्यभर चष्मा नव्हता त्यांनाही तेव्हा लागतो. तीन गट, तीन वेगळी वागणूक. स्त्री-पुरुष फरक थोडाफार असेलही, पण उत्तर हलवण्याइतका नाही, म्हणून तो सोडायचा. सोडलाय हेही बोलून दाखवायचं. न सांगता सोडलेली गोष्ट विसरल्यासारखी दिसते.

झाड बोलून दाखवणं

मिनिट संपलं की कागद थोडा समोरच्याकडे वळवा आणि आकड्यांविना सगळा रस्ता सांगा:

‘मी मागणीच्या बाजूने जाणार आहे. लोकसंख्येचे वयानुसार तीन गट करतो: वीसपर्यंत, वीस ते चाळीस आणि चाळिशीच्या पुढे, कारण चष्मा लागण्याचं प्रमाण आणि बदलण्याचा वेग वयानुसार बदलतो. प्रत्येक गटात तीन गोष्टी काढतो: किती टक्के लोकांकडे नंबरचा चष्मा आहे, माणशी किती चष्मे आहेत, आणि ते किती वर्षांनी बदलतात. शेवटी बेरीज, आणि मग दुकानांच्या बाजूने एक ताळा. स्त्री-पुरुष फरक सध्या बाजूला ठेवतो. यात काही सुटतंय असं वाटतं का?’

एवढं बोलायला अर्धं मिनिट लागतं. शेवटचा प्रश्न शिष्टाचारासाठी नाही. मुलाखतकाराला रचना पटली नसेल तर ते इथेच सांगतात, आणि गणितात शिरण्याआधी कळलेली चूक स्वस्तात सुटते. उलट, ‘सहा कोटी, त्यातले पन्नास टक्के चष्मेवाले, म्हणजे तीन कोटी…’ अशी जो थेट सुरुवात करतो त्याला मध्येच अडवून ‘पन्नास का?’ विचारलं की उत्तर नसतं, कारण पन्नास मुळात रचनेतून आलेलेच नसतात.

आकडे: एक गट, एक कारण, एक आकडा

वय शून्य ते ऐंशी सारखं पसरलंय असं धरलं तर सहा कोटींतले दर दहा वर्षांना ७५ लाख येतात. म्हणजे वीसपर्यंत दीड कोटी, वीस ते चाळीस दीड कोटी, आणि चाळिशीपुढे तीन कोटी. अशा गोल आकड्यांची लाज वाटू देऊ नका. अंदाजच वीस टक्के इकडेतिकडे असताना लोकसंख्या शेवटच्या हजारापर्यंत धरली तर अचूकतेचा नुसता भास होतो.

बोलताना प्रत्येक आकड्याआधी कारण आलं पाहिजे. क्रम महत्त्वाचा: आधी कारण, मग आकडा. उलट केलं तर कारण मागाहून शोधल्यासारखं वाटतं.

‘पहिला गट. पाच वर्षांखालच्या मुलांना चष्मा क्वचितच असतो, आणि शाळेच्या शेवटच्या वर्षांपर्यंत प्रमाण बरंच वाढतं. सरासरी २० टक्के धरतो. दीड कोटींचे २० टक्के म्हणजे ३० लाख. नंबर वाढतो, चष्मे तुटतात, म्हणून वर्षाला एक. या गटातून ३० लाख.

दुसरा गट. इथे चष्मा लागणारे मुलांहून जास्त, पण काही जण लेन्स लावतात. लेन्सवाल्यांकडेही घरी एक चष्मा असतोच, म्हणून त्यांना वगळत नाही. ४० टक्के धरतो, ६० लाख लोक. नंबर स्थिर असल्यामुळे बदलण्याचं कारण मुख्यतः झीज किंवा हौस. तीन वर्षांनी एक. वर्षाला २० लाख.’

आता तिसरा गट, आणि इथे थोडं थांबावं लागतं. चाळिशीपुढे ८० टक्के लोकांना काही ना काही चष्मा लागतो असं धरलं तर २ कोटी ४० लाख होतात. पण सुरुवातीला आपणच म्हटलंय की तयार मिळणारे वाचायचे चष्मे धरायचे नाहीत. ज्यांना फक्त वाचायलाच त्रास होतो, त्यांच्यातले काही जण त्या चष्म्यांवर भागवतात. समजा या २ कोटी ४० लाखांतले एक चतुर्थांश. राहिले १ कोटी ८० लाख. तीन वर्षांनी एक बदल, म्हणजे वर्षाला ६० लाख. शिवाय या वयात अनेकांकडे दोन चष्मे असतात, एक लांबचा आणि एक जवळचा. एक तृतीयांश लोकांकडे दुसरा आहे असं धरलं तर आणखी ६० लाख चष्मे वापरात आहेत, आणि तेही तीन वर्षांनी बदलतात, म्हणून वर्षाला २० लाख. या गटाची बेरीज ८० लाख.

सगळं मिळून ३० + २० + ८० = १३० लाख, म्हणजे वर्षाला १ कोटी ३० लाख चष्मे.

सुरुवातीची व्याख्या तिसऱ्या गटात कशी उपयोगी पडली ते पाहा. ती ठरवली नसती तर तयार चष्म्यांचे ६० लाख लोक नकळत मोजले गेले असते, आणि मुलाखतकाराने विचारल्यावर धावपळ झाली असती.

घोळ कुठे होतो आणि कसा ओळखायचा

सर्वांत मोठा घोळ म्हणजे वापरात असलेला साठा आणि वर्षाची विक्री यांची सरमिसळ. आपल्या केसमध्ये नंबरचा चष्मा घालणारे लोक ३० + ६० + १८० लाख, म्हणजे २ कोटी ७० लाख आहेत. वेळेच्या दडपणाखाली हाच आकडा उत्तर म्हणून देणारे भेटतात. तो खऱ्या उत्तराच्या दुपटीहून जास्त आहे. ओळखायची खूण एककात आहे. प्रत्येक ओळीशेजारी ‘लोक’, ‘चष्मे’ किंवा ‘चष्मे दर वर्षी’ असं लिहिलं असेल, तर शेवटच्या ओळीत ‘लोक’ दिसताच हात थांबतो. एकक न लिहिता नुसते आकडे एकाखाली एक मांडले की हा घोळ शोधणं फार कठीण जातं.

दुसरा घोळ आपल्याकडच्यांचा खास. मुलाखत इंग्रजीत, डोक्यातला हिशोब लाख-कोटीत, आणि बोलताना मिलियन. साठ लाख म्हणजे सहा मिलियन, पण घाईत साठ मिलियन निघून जातात आणि उत्तर दहापट होतं. यावर एकच उपाय बरा वाटतो: सुरुवातीलाच एक पद्धत निवडा आणि कागदावरही तीच ठेवा. मिलियनमध्ये बोलायचं असेल तर पहिल्या ओळीतच सहा कोटी खोडून ६० मिलियन लिहा आणि कोटी विसरा. दर पायरीला भाषांतर करत राहिलात तर कुठे तरी एक शून्य निसटणारच.

गणितात मध्येच चूक सापडली तर? ‘थांबा, इथे माझं तीनने भागायचं राहिलं, ते दुरुस्त करतो’ एवढं म्हणा आणि पुढे चला. लांबलचक माफी नको. खोडाखोड करून गुपचूप आकडा बदलणं मात्र वाईट दिसतं, कारण ऐकणाऱ्याच्या कागदावर जुनाच आकडा राहतो आणि पुढे दोघांचे हिशोब जुळत नाहीत.

कधी मुलाखतकार अंदाजावरच बोट ठेवतात: ‘चाळिशीपुढे तीन वर्षांनीच का?’ हा हल्ला नाही. तुम्ही अडून बसता की लगेच कोलमडता, ते पाहायचं असतं. दोन्ही टोकं टाळा. ‘दर दोन-एक वर्षांनी नंबर तपासला आणि प्रत्येक वेळी बदल लागला नाही असं मी धरलं होतं. आपल्याकडे वेगळी माहिती असेल तर ती वापरतो’ असं सांगा, आणि नवीन आकडा मिळाला तर तेवढीच एक ओळ बदलून बेरीज नव्याने सांगा. झाड नीट काढलेलं असेल तर याला दहा सेकंद लागतात.

ताळा

उत्तर सांगून ‘झालं’ म्हणू नका. दुसऱ्या बाजूने तपासा, आणि ती बाजू खरोखर वेगळी हवी. त्याच अंदाजांची पुन्हा उजळणी म्हणजे ताळा नव्हे.

इथे दुकानांची बाजू चांगली आहे. ‘समजा चष्म्याचं एक साधं दुकान दिवसाला चार चष्मे विकतं. वर्षाचे ३०० दिवस धरले तर १,२०० चष्मे. १ कोटी ३० लाखांना १,२०० ने भागलं तर साधारण ११,००० दुकानं लागतील. सहा कोटी लोकांत ११,००० म्हणजे साडेपाच हजार माणसांमागे एक दुकान. पंचावन्न हजार वस्तीच्या गावात अशी दहा दुकानं. जिथे निम्म्याहून जास्त प्रौढ चष्मा घालतात अशा देशात हे पटण्यासारखं आहे.’

ताळ्यातून अगदी तोच आकडा यावा अशी अपेक्षा नसते. दुप्पट-निमपट फरक चालतो. पण पाचशे माणसांमागे एक दुकान आलं असतं तर कुठे तरी शून्य सुटलंय असं समजून परत जावं लागलं असतं. साठा आणि विक्रीची सरमिसळ मात्र हा ताळा धड पकडत नाही. २ कोटी ७० लाख घातले तर २,७०० माणसांमागे एक दुकान येतं, जे ऐकायला थोडं जास्त वाटतं पण अशक्य वाटत नाही. म्हणूनच वर एकक लिहिण्यावर इतका भर दिला.

अशा प्रश्नांना फर्मीचे प्रश्न म्हणतात. भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांनी १६ जुलै १९४५ रोजी ट्रिनिटी अणुचाचणीच्या वेळी हातातले कागदाचे कपटे सोडले आणि स्फोटाच्या लाटेने ते किती दूर गेले यावरून स्फोटाची ताकद सुमारे १० किलोटन टीएनटी सांगितली. पुढच्या मोजमापांत ती वीस किलोटनच्या वर निघाली. म्हणजे ते निमपट चुकले, आणि तरीही तो अंदाज उत्तम मानला जातो. तुमच्याकडूनही एवढ्याच अचूकतेची अपेक्षा असते.

कोणता आकडा उत्तराला हलवतो

यानंतर एक वाक्य बरेच जण गाळतात, आणि माझ्या मते चांगला आणि फार चांगला उमेदवार त्यावरूनच वेगळे कळतात. १३० लाखांतले ८० लाख चाळिशीपुढच्या गटातून आलेत. त्यांनी तीनऐवजी दोन वर्षांनी चष्मा बदलला तर ८० चे १२० लाख होतात आणि एकूण उत्तर १ कोटी ७० लाखांवर जातं. उलट मुलांमधलं प्रमाण २० ऐवजी ३० टक्के केलं तर फक्त १५ लाख वाढतात. म्हणून शेवट असा करा:

‘माझा अंदाज वर्षाला साधारण १ कोटी ३० लाख चष्म्यांचा आहे. यातला सर्वांत नाजूक आकडा म्हणजे चाळिशीपुढची माणसं किती वर्षांनी चष्मा बदलतात तो. एकच गोष्ट तपासायला मिळाली तर मी ती तपासेन. क्लायंट या बाजारात उतरणार असेल तर त्याचा साठ टक्क्यांहून जास्त माल याच वयोगटात जाईल, हेही आत्ताच दिसतंय.’

उत्तर पहिल्या वाक्यात, त्याचा कच्चा दुवा दुसऱ्यात, आणि क्लायंटला त्याचा काय उपयोग ते शेवटच्यात. पुढचा प्रश्न बहुधा यातूनच येतो: पाच वर्षांनी हा बाजार केवढा असेल, ऑनलाइन विक्री सुरू झाली तर काय, किंमत धरून पैशांत सांगा. तेव्हा नवीन झाड काढू नका. वय वाढलं तर तिसऱ्या गटाची लोकसंख्या बदलते. ऑनलाइनमुळे चष्मे स्वस्त झाले तर माणशी चष्मे वाढतात आणि बदलण्याचा काळ कमी होतो. पैशांत हवं असेल तर प्रत्येक गटाच्या शेवटी सरासरी किमतीचा एक गुणाकार येतो, आणि तो गटागटाला वेगळा हवा, कारण दुहेरी नंबरच्या काचा साध्या काचांपेक्षा महाग असतात. कागदावरच्या त्याच झाडात कोणती फांदी हलतेय ते बोटाने दाखवत बोला.

सराव करताना प्रश्न डोक्यात सोडवू नका. फोनवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करा आणि ऐकताना तीनच गोष्टी शोधा: कोणता आकडा कारणाआधी आला, कुठे न सांगता दहा सेकंदांहून जास्त गप्प राहिलात, आणि कोणत्या ओळीला एकक नव्हतं. प्रश्नही बदलत राहा. गाद्या, हेल्मेट, छत्र्या यांसारख्या बदलून घ्यायच्या वस्तूंना वरचं सूत्र जसंच्या तसं लागतं. पण एखाद्या पुलावरून दिवसाला किती गाड्या जातात किंवा विमानतळावर किती सुरक्षा रांगा लागतील, असा प्रश्न आला की ते चालत नाही. तिथे माणसांऐवजी क्षमतेपासून सुरुवात करावी लागते: एका लेनमधून मिनिटाला किती, गर्दीचे तास किती, बाकीचे किती. प्रश्न यांपैकी कोणत्या जातीचा आहे हे मागून घेतलेल्या त्या एका मिनिटात पहिल्यांदा ठरवा.